विमानाच्या चित्राचं बटण

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या हेल्पडेस्कचे फोन सकाळपासूनच वाजायला लागतात. अंधेरी पूर्वेला एका काचेच्या इमारतीत आमचं ऑफिस आहे, आणि कंपनीची अर्ध्याहून अधिक माणसं घरून काम करतात. कंपनीने दिलेला लॅपटॉप त्यांच्या घरी असतो, म्हणजे दसऱ्याला तो पाटावर बसतोच. त्याला हळदकुंकू लागतं, झेंडू वाहिला जातो, आपट्याचं पान ठेवलं जातं. दुसऱ्या दिवशी कुणाच्या चार्जिंगच्या भोकात कुंकू गेलेलं असतं, कुणाच्या स्पेस बारखाली झेंडूची पाकळी अडकलेली असते. एका महाशयांनी तर लॅपटॉपसमोर नारळ फोडला होता, आणि पाणी कुठे उडालं हे मला सांगताना त्यांचा आवाज चोरासारखा झाला होता. मी सगळ्यांवर वैतागते. वैतागणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे असं आता मी धरूनच चालते. पण माझ्या मुलुंडच्या घरी माझाही लॅपटॉप पाटावर असतो, त्यामुळे फार बोलायला तोंड नाही.

त्या सकाळी भांडुपहून त्याचा फोन आला. तो आमच्या बिलिंग विभागातला. वय चाळिशीच्या पुढे, बायको नाही, मूल नाही, घरात तो आणि त्याची आई. वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर वॉचमनकी करता करता वारले. मूळ गाव मालवणकडचं, माझंही तिकडचंच, त्यामुळे तो मला ताई म्हणायचा आणि मी त्याला सरळ अरेतुरे करायचे. कामाला चोख आणि स्वभावाने भित्रा. बॉसचा मेल आला की आधी घाबरायचा आणि मग वाचायचा.

"ताई, वाट लागली. नेट येतच नाहीये. सकाळी मीटिंग होती, मॅडमनी ठेवलेली, मी जॉइनच नाही झालो."

"मोबाइलचं नेट आहे ना? हॉटस्पॉट लाव."

"लावला. लॅपटॉपला दिसतच नाही. माझं घरचं वाय-फाय पण दिसत नाही, शेजाऱ्यांचं पण नाही. एरवी चाळीतली सगळी नावं दिसतात."

हे ऐकल्यावर मला रोग कळला. एकही नाव दिसत नाही म्हणजे वाय-फायला रेंज कमी नाही, वाय-फाय मुळातच बंद आहे. हॉटस्पॉट घ्यायलाही लॅपटॉपचं वाय-फाय चालू लागतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. मोबाइल वायरने जोडून नेट घेता आलं असतं, पण आमच्या कंपनीने सुरक्षेच्या नावाखाली यूएसबीची भोकं फक्त माऊसपुरती ठेवली आहेत. केबल लावायची जागा त्या पातळ लॅपटॉपला नाहीच.

"खाली उजव्या कोपऱ्यात बघ. घड्याळाजवळ काय चित्र आहे?"

"विमान आहे."

"विमानच असणार. त्याच्यावर क्लिक कर, एअरप्लेन मोड बंद कर."

त्याने केलं. विमान गेलं म्हणाला, पण वाय-फायचा चौकोन करडाच राहिला. त्यावर दाबलं तर दाबला जात नव्हता. मी त्याला सेटिंगमध्ये नेलं. तिथे वाय-फाय बंद असल्याचं लिहिलं होतं आणि खाली सूचना होती की लॅपटॉपवरच्या बटणाने चालू करा. त्याने ती मला अक्षर अक्षर वाचून दाखवली. रीस्टार्ट करून पाहिलं, तरी तेच. व्हायचंही तेच होतं. पडद्यावरचा एअरप्लेन मोड निराळा आणि कीबोर्डवरच्या बटणाने बंद केलेलं वाय-फाय निराळं. बटणाने बंद केलेलं असलं की पडद्यावर कितीही क्लिक केलं तरी ते जागं होत नाही. घराचा मेन स्विच पाडलेला असताना खोलीतलं बटण खटखटवण्यातलाच प्रकार. आणि रीस्टार्ट केलं तरी मशीनला आठवत राहतं की आपल्याला बंद ठेवलंय.

"काल पूजा केलीस ना?"

"केली. म्हणजे आईने केली."

"लॅपटॉप शटडाऊन केला होतास?"

"नाही. नुसतं झाकण लावलं होतं."

म्हणजे काय झालं ते मला समोर दिसलं. आईने पाटावर ठेवण्याआधी झाकण उघडलं, मशीन जागं झालं, तिने ओल्या फडक्याने सगळी बटणं वरून खालून नीट पुसली, आणि वरच्या ओळीतलं ते विमानाच्या चित्राचं बटण दाबलं गेलं. बायका लॅपटॉप देव पुसावा तसा पुसतात. कंपनीत कुणी इतका पुसत नाही.

"आईला विचार, कुठे पुसलं ते."

बोलल्यावर मी जीभ चावली, कारण त्याच्या आईला बोलता येत नव्हतं.

दीड-दोन वर्षांपूर्वी तिला झटका आला होता. उजवा हात गेला आणि वाचा गेली. हात पुढे थोडाफार आला, वाचा आली नाही. सगळं कळायचं, डोळे तरतरीत, पण तोंडातून "ए… ए" एवढंच यायचं. डाव्या हाताने ती भाजी निवडायची, देव पुसायची, लेकाच्या डोक्यावरून हात फिरवायची. हे मला त्यानेच सांगितलं होतं, आणि सांगण्याचं कारण हाच लॅपटॉप होता.

लॉकडाऊनच्या काळात दोघंच घरात अडकली होती. शिफ्ट संपली की हा लॅपटॉपचा कॅमेरा चालू करायचा आणि आईला बोलतं करायचा. मोबाइल जुना, त्यात जागा नाही, म्हणून लॅपटॉप. आई मालवणीत बोलायची. लग्न होऊन मुंबईत आली तेव्हा आधी कोणाच्या खोलीत राहिली, संपात घरात काय शिजायचं, सोलकढीला नारळ कसला घ्यायचा, हळदीच्या वेळच्या ओव्या, शेजारणींची भांडणं. हे बोलणं कित्येक संध्याकाळी चाललं. पुढे ऑफिसं उघडली, संध्याकाळी कामात गेल्या, आणि मग झटका आला. आता आईचा आवाज त्या लॅपटॉपमध्ये होता आणि दुसरीकडे कुठेही नव्हता.

मागच्या वर्षी त्याची बॅटरी फुगली म्हणून तो ऑफिसात आला, तेव्हा मी त्याला नवं मशीन देत होते. त्याने घेतलं नाही. हेच राहू द्या ताई, म्हणाला, नि मग हे सगळं सांगितलं. मी बॅटरी बदलून दिली. त्यातला एक व्हिडिओही त्याने मला दाखवला. म्हातारी पदर खोचून ओट्याशी उभी होती आणि कॅमेऱ्याकडे न बघता म्हणत होती, "मेल्या, माका कित्याक विचारतंस? खाल्लंस मगे तुका कळतला." आवाज असा खणखणीत की शेजारच्या टेबलावरच्या पोरीने वळून बघितलं. मला माझी आई आठवली आणि मी उगाच बॅटरीचे स्क्रू घट्ट करत बसले.

नेटवरून फायली बाहेर पाठवायला कंपनीची बंदीच आहे, त्यामुळे ते व्हिडिओ बाहेर काढायला यूएसबी उघडायला हवी होती, आणि ती उघडायची परवानगी दुसऱ्या शहरातली आमची सिक्युरिटी टीम देते. मी विनंती पाठवली. कारण विचारलं, मी लिहिलं. पुन्हा विचारलं, पुन्हा लिहिलं. कंपनीच्या मशीनवर खासगी गोष्टी ठेवू नयेत असं उत्तर आलं. हे उत्तर देणाऱ्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर त्याच्या मुलाच्या बारशाचे फोटो होते, त्याचं मशीन नेटवरून दुरुस्त करताना मी पाहिले होते. मला त्याचा तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो. आमच्याकडे प्रत्येकाच्या घरात कंपनीचा लॅपटॉप हाच घरचा कॉम्प्युटर असतो. पोरांचा अभ्यास त्यावर, लाइटचं बिल त्यावर, वरसंशोधन त्यावर. कंपनीला हे माहीत असतं, आणि माहीत नसल्यासारखं वागण्यात तिचा फायदा असतो.

तर त्या सकाळी मी त्याला म्हटलं, "वरच्या ओळीत एफवन, एफटू असली बटणं आहेत. त्यातल्या एकावर विमानाचं चित्र असेल, त्यावर बारीक दिवा पेटलेला असेल. सापडलं की सांग."

"बघतो ताई. कुंकू लागलंय सगळीकडे, चित्रं दिसत नाहीत." मग आवाज लांब गेला, "आये, हयसर काय पुसलंस गे काल?" आणि मागून ते "ए… ए" ऐकू आलं.

तो शोधत होता तोवर मी माझ्या पडद्यावर त्याचं मशीन उघडलं. कंपनीच्या प्रत्येक लॅपटॉपची कुंडली आम्हाला तिथे दिसते. शेवटचा कधी ऑनलाइन आला, काय काय चालवलं, कोणता आदेश द्यायचा बाकी आहे. शेवटचा संपर्क दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळचा होता. आणि त्याखाली एक आदेश थांबलेला दिसत होता.

वाइप. म्हणजे मशीन पुसून कोरं करा.

हा आदेश मी ओळखते. तो दोनच कारणांनी येतो, लॅपटॉप चोरीला गेला तर किंवा माणसाला काढलं तर. चोरी झालेली नव्हती. सकाळची मॅडमची मीटिंग कशाची होती ते मला एका क्षणात कळलं. एचआर माणसाला व्हिडिओवर घेतं, एक ठरावीक वाक्य बोलतं, आणि मीटिंग संपायच्या वेळेला सिक्युरिटीकडून वाइप सुटतो. दोन विभाग आपापल्या घड्याळावर चालतात. माणूस मीटिंगला आलाच नाही हे एचआरने सिक्युरिटीला सांगितलं नव्हतं. आदेश वेळेवर सुटला, भांडुपपर्यंत गेला, आणि मशीनचं वाय-फाय बंद असल्याने दारात खोळंबून बसला. वाय-फाय चालू होऊन मशीनला नेट मिळालं की तो आत शिरणार होता. मग तिची सोलकढी, संप, ओव्या यातलं काहीच उरणार नव्हतं.

"ताई, सापडलं बहुतेक. एफ सातच्या पुढे…"

"दाबू नको."

मी हे इतक्या जोरात म्हटलं की आजूबाजूचे दोघे माझ्याकडे बघायला लागले. हेल्पडेस्कचे सगळे कॉल रेकॉर्ड होतात. मी आवाज साधा केला. "म्हणजे थांब जरा. आमच्या बाजूने एक गोष्ट तपासायची आहे. तोवर मशीनला हात लावू नको. मी तुला परत फोन करते."

"पण ताई मीटिंग…"

"हात लावू नको सांगितलं ना."

तेवढ्यात एचआरच्या पोरीचा मेसेज आला, त्याला लवकर ऑनलाइन आणा, आम्ही वाट बघतोय. पुढे एक हसरा चेहरा लावलेला. ती पोर वाईट नाही. तिला दिवसभरात अशी बरीच माणसं उरकायची असतील. पण तो हसरा चेहरा बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिला उत्तर दिलं नाही. सिक्युरिटीला लिहिलं की या मशीनचा वाइप आत्ताच्या आत्ता थांबवा, माणसाला अजून कळवलेलंच नाही. उत्तर आलं की मंजूर झालेला आदेश मागे घ्यायला त्यांच्या मॅनेजरची संमती लागेल, आणि मॅनेजर मीटिंगमध्ये आहेत. सगळेच मीटिंगमध्ये होते. फक्त ज्याच्यासाठी मीटिंग होती तो बाहेर होता.

मी माझा मोबाइल घेतला आणि जिन्यात गेले. आमच्याकडे जिन्यात कोणी येत नाही, सगळ्यांना लिफ्ट लागते. तिथे उभं राहून मी काय करता येईल याचा विचार केला. यूएसबी बंद. वाय-फाय बंद तसं ब्लूटूथही बंदच. पण मशीन तर चालू होतं, व्हिडिओ तर दिसत होते. पडद्यावर व्हिडिओ लावायचा आणि समोर मोबाइल धरून तो टिपायचा. इतकी साधी गोष्ट मला वर्षभर सुचली नव्हती. जागा नसली तर मोबाइलमधलं बाकी सगळं उडवायचं. चित्र हललं असतं, आवाज थोडा पोकळ आला असता, पण आला असता. एक दिवस वाय-फाय बंद ठेवलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. वाइप काही रागावून निघून जाणार नव्हता, आणि मशीनलाही घाई नव्हती.

प्रश्न त्याला सांगायचं कसं एवढाच होता. नोकरी गेल्याचं सांगण्याचा अधिकार मला नव्हता. पण ते सांगितल्याशिवाय तो ऐकणार नव्हता, कारण त्याच्या डोक्यात फक्त चुकलेली मीटिंग होती. माझीही नोकरी होती. तरी मी नंबर लावला. मी फार धीराची बाई नाही, पण त्या वेळी राग भीतीपेक्षा मोठा होता.

त्याने फोन उचलला आणि आवाज तुटायला लागला. "थांबा ताई, घरात रेंज येते-जाते, गॅलरीत येतो." चपलांचा आवाज, दाराची कडी, मग चाळीचा गलबला. कुणाचा तरी कुकर आणि खाली भाजीवाल्याची हाळी.

"हां ताई, बोला."

"नीट ऐक. हा माझा स्वतःचा नंबर आहे, ऑफिसचा नाही. आईचे व्हिडिओ अजून फक्त लॅपटॉपवरच आहेत ना?"

"हो."

"आधी ते मोबाइलमध्ये घे. लॅपटॉपवर लाव आणि मोबाइलने शूटिंग कर, एकेक करून, सगळे. ते झाल्याशिवाय वाय-फाय चालू करायचं नाही. मशीन ऑनलाइन आलं की सगळं पुसलं जाणार आहे."

"का पुसलं जाणार?"

"विचारू नको."

"ताई, मला मीटिंगला जायचंय. मॅडमनी अर्जंट लिहिलंय. नाही गेलो तर ॲब्सेंट लावतील. व्हिडिओ मी संध्याकाळी करतो ना, शिफ्ट संपल्यावर."

संध्याकाळी, शिफ्ट संपल्यावर. मला त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. "अरे, शिफ्ट कसली? त्या मीटिंगमध्ये तुला काढणार आहेत."

पलीकडे भाजीवाला दोनदा ओरडला. मी थांबले. इतक्या वर्षांत मी लोकांना प्रिंटरपासून पासवर्डपर्यंत हजार गोष्टी समजावल्या, पण असं काही कुणाला सांगितलं नव्हतं.

"नक्की का?" त्याने विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता.

"नक्की. मी सांगितलं म्हणून बोलू नको कुठे. नोकरी आज नाहीतर उद्या गेलीच आहे, त्याचं मी काही करू शकत नाही. पण आईचा आवाज अजून आहे. ते बटण बंद आहे तोवर आहे. कळतंय ना?"

"काय चुकलं माझं?"

"काही नाही रे. तुझं एकट्याचं नाहीये, बरेच जण आहेत. ते नंतर बघू. आत जा आणि व्हिडिओ लाव."

"हो," तो म्हणाला. मग, "आईला काय सांगू?"

"आत्ता काही सांगू नको. आत जा."

कडीचा आवाज झाला, दार उघडलं. फोन अजून चालूच होता. आणि मला त्याच्या आईचा आवाज ऐकू आला, त्या बिचारीचं "ए… ए", पण सकाळच्यासारखं नव्हे. मोठ्याने, खुशीत, लेकाला बोलावल्यासारखं. लहान पोर पहिल्यांदा आपलं आपण चप्पल घालतं आणि सगळ्यांना दाखवत सुटतं, तसं.

"आये, काय गे?" तो म्हणाला. आणि मग, "आये, काय केलंस?"

मला काही दिसत नव्हतं, पण सगळं कळलं. तिला बोलता येत नव्हतं, समजत सगळं होतं. लेक सकाळपासून हैराण आहे, काल आपण पुसलं त्यामुळे काहीतरी बंद पडलंय, आणि तो त्या दिव्याचं बटण शोधत होता हे तिने बसल्या जागेवरून पाहिलं होतं. तो गॅलरीत गेला तशी ती उठली. जे तिच्या हातून बंद झालं होतं ते तिने तिच्याच हाताने चालू केलं. डाव्या हाताच्या बोटाने. दिवा विझला, आणि तिला वाटलं, झालं.

"बटण दाब परत," मी ओरडले, "तेच बटण दाब."

"ताई, स्क्रीन काळी झाली. आता गोल फिरतंय."

"पॉवरचं बटण दाबून धर. सोडू नको. बंद होईपर्यंत धर."

त्याने धरलं. तो धरून आहे हे मला त्याच्या श्वासावरून कळत होतं. आणि मागे म्हातारी अजून आनंदाने तेच एक अक्षर म्हणत होती, मध्ये टाळीसारखा काहीतरी आवाज, एका हाताने मांडीवर मारल्याचा. लेक का बोलत नाही ते तिला कळत नव्हतं.

"बंद झाला," तो म्हणाला.

मी टेबलावर परत आले. पडद्यावर त्या आदेशापुढे आता हिरवी खूण होती. त्याच्याखाली सिक्युरिटीचं उत्तर आलेलं होतं की मॅनेजर उपलब्ध झाले आहेत, कृपया कारण कळवावे. मी ते वाचलं आणि पाणी प्यायला उठले.

त्याला मीटिंगला बसवायला लॅपटॉप उरला नव्हता, तेव्हा शेवटी एचआरने नियम बाजूला ठेवून फोनवरच सांगितलं. तेवढ्या सहजपणे नियम बाजूला ठेवता येत होता.

मशीन परत करायला तो पुढच्या आठवड्यात आला. कंपनीच्या पिशवीत, चार्जर नीट गुंडाळून, चार्जरलासुद्धा रबर लावलेलं. दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता, जणू कामावरच आलाय. रिसेप्शनवरून आत यायला त्याचं कार्ड चालेना, म्हणून मी बाहेर गेले. आम्ही तिथल्या सोफ्यावर बसलो.

"ताई, तुम्ही बघाल का एकदा? काही राहिलं असलं तर."

मी बघितलं. त्याच्यासमोर नाही, आत नेऊन. मला आशा नव्हती, तरी जे जे येतं ते सगळं केलं. आमच्या मशीनची डिस्क कंपनीच्या कुलपात असते. वाइप अर्ध्यात तोडला तरी किल्ली आधीच गेलेली असते, आणि किल्लीशिवाय आत जे उरलं असेल ते नुसतं भुसकट. मी बाहेर येऊन मान हलवली. त्याने "बरं" म्हटलं, जसा तो प्रत्येक गोष्टीला म्हणायचा. मला त्या "बरं"चासुद्धा राग आला. वाटलं, एकदा तरी ओरड, आपट काहीतरी, शिवी दे, मी बघून न बघितल्यासारखं करीन. पण ज्याला आयुष्यभर कुणी ओरडू दिलं नाही त्याला एका दिवसात कसं जमणार?

"आई कशी आहे?" मी विचारलं.

"मजेत आहे." तो खाली बघून थोडा हसला. "खूश आहे ताई. तिला वाटतं तिने दुरुस्त केलं. कोणी घरी आलं की टेबलाकडे बोट दाखवते, मग स्वतःकडे. आज लॅपटॉप पिशवीत भरला तेव्हा हरखली. तिला वाटलं, ऑफिसने बोलावलं."

"तिला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? त्या दिवशी मी पॉवरचं बटण सोडलं आणि मागे वळलो, तर ती माझ्याकडे अशी बघत होती…" त्याने शर्टाची बाही उगाच सरळ केली. "मी म्हटलं, शाबास गे आये, झाला सुरू."

त्याने सही केली आणि गेला. मी लॅपटॉप घेऊन आत आले. पुढच्या माणसाला द्यायच्या आधी मशीन साफ करावं लागतं, ते माझंच काम. मी झाकण उघडलं. वरच्या ओळीत विमानाच्या बटणाच्या कडेला कुंकू बसलं होतं, आणि बटणावर मध्यभागी ते बोटाएवढं पुसलं गेलं होतं. बाकीची बटणं मी साफ केली. ते एक ठेवलं, आणि मशीन कपाटात सगळ्यात खाली सरकवलं. ते तिथेच आहे. कुणी नवीन माणूस आला की मी त्याला दुसरं देते.